आठवड्यातून दोनच दिवस!

(द्वितीय वर्ष, कला)

“उचलायचंच हाय तं यार्डात ये ना. दोन पैसे तरी भेटतील!”

माझे वडील पंचवटीतल्या मार्केट यार्डात हमाली करतात. कॉलेजच्या जिमखान्यात मी मंगळवारी आणि शनिवारी लोखंडी दांडा उचलतो हे त्यांना शेजाऱ्याकडून कळले, त्या रात्री जेवताना ते हे बोलले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मुलगा बी. ए. करतो म्हणजे पुस्तके वाचतो, एवढे घरात सर्वांना पटलेले होते. पण तिथे जाऊनही तो ओझीच उचलतो, आणि तीही फुकट, हे कसे पटावे? मी त्या रात्री काही बोललो नाही, कारण माझ्यापाशी उत्तरच नव्हते. पुढचे तीन महिने, रक्ताळलेला एक रुमाल आणि शंभर पानी वही खर्ची पडल्यावर आता थोडेसे सुचते आहे. वडील हा अंक वाचतील असे नाही. पण त्यांच्यासारखाच प्रश्न आपल्या वर्गातले मित्र आणि काही प्राध्यापकही विचारतात, म्हणून हा प्रपंच.

आधी स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी हौशी मुष्टियोद्धा आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार संध्याकाळी दीड तास क्लबात जातो. त्यात दोरीवरच्या उड्या, बॅगवर ठोसे, पॅडवरचा सराव आणि शुक्रवारी स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर प्रत्यक्ष खेळ, असा क्रम असतो. विजेंदरसिंगने २००८ साली बीजिंगला, मेरी कोमने २०१२ साली लंडनला आणि लवलिनाने २०२१ साली टोकियोला कांस्यपदक मिळविले. त्यांच्या आणि माझ्या खेळाचे नाव एकच असले तरी आमचे आठवडे एक नाहीत. पतियाळाच्या शिबिरातला खेळाडू सकाळी व्यायाम करतो, दुपारी झोपतो आणि संध्याकाळी पुन्हा व्यायाम करतो. तोच त्याचा व्यवसाय. मला तास असतात, टोमॅटोच्या हंगामात वडिलांना हात द्यावा लागतो, आणि झोप मिळते ती सहा तास. माझ्यासारख्याकडे क्लबाव्यतिरिक्त आठवड्यात जेमतेम दोन दिवस उरतात. प्रश्न एवढाच, की त्या दोन दिवसांचे करायचे काय? माझे म्हणणे असे, की आपल्यापैकी बहुतेक जण हे दोन दिवस स्वतःला आणखी दमविण्यात घालवतात, आणि त्याने खेळ सुधारायचा तो बिघडतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिले काही महिने मीही तेच केले. मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे उठून मी म्हसरूळला गजपंथाच्या पायऱ्या पाच वेळा चढायचो-उतरायचो. घरी येऊन दोनशे जोर, पाचशे बैठका. मग दोन्ही हातांत दोन-दोन किलोचे डंबेल धरून तीन फेऱ्या हवेत ठोसे. बनियन पिळून काढण्याइतके भिजले की दिवस सार्थकी लागला असे वाटे. घाम हेच माझे माप होते.

चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी त्याचा हिशेब चुकता झाला. माझा जोडीदार माझ्याहून वर्षभराने नवखा आणि चार किलोने हलका. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीच्या मध्याला माझा उजवा हात गालाजवळून हळूहळू खाली येऊ लागला. तो येतो आहे हे मला कळत होते, पण वर जात नव्हता. पायही मातीत रुतल्यासारखे झाले होते. त्याचा डावा हूक आला तो थेट नाकावर. खेळ थांबला, रुमाल लाल झाला. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारले, “काल काय केलंस?” मी पायऱ्या, जोर, बैठका सगळे अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, “मग त्यानं तुला आज नाही मारलं. तू कालच मार खाऊन आला होतास.”

त्या रात्री डोके दुखत होते, म्हणून शनिवारी काहीच केले नाही. (हे कंसात सांगतो, पण कंसातले म्हणून कोणी सोडू नये. डोक्याला मार लागल्यानंतर डोकेदुखी, चक्कर, मळमळ किंवा प्रकाश सहन न होणे यांपैकी काहीही असेल तर वजनही नाही आणि पळणेही नाही, आधी डॉक्टर.)

आता माझे काय चुकत होते ते एकेक पाहू. पहिली गोष्ट डंबेलची. ठोसा समोर जातो आणि हातातले वजन खाली ओढते. म्हणजे दोन किलोचे डंबेल धरून हवेत ठोसे मारताना स्नायूंचे खरे काम असते ते हात वर तोलून धरण्याचे. ठोसा समोर झटक्याने फेकण्याचे नव्हे. वजन असल्यामुळे हात सावकाश जातो, आणि शेवटी सांध्याला हिसका बसू नये म्हणून आपण तो आधीच आखडता घेतो. हजार वेळा असे केले की हात तेच शिकतो. खांदे मात्र असे दुखतात की आपण फार मोठे काम केले असे वाटते!

दुसरी गोष्ट बैठकांची. माझ्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांचा मान राखून सांगतो, की पहिल्या चाळीस-पन्नास बैठकांपर्यंत पाय बळकट होत असतील. त्यापुढे ते फक्त टिकायला शिकतात. टिकणे वाईट नाही. पण तेवढे टिकणे क्लबातल्या तीन दिवसांत शिकून होतेच. पाच हजार वेळा साधा चमचा उचलला म्हणून मनगटाने पाण्याची घागर उचलत नाही. घागर उचलायची असेल तर आधी कळशी उचलावी लागते. विशेष म्हणजे तालमीलाही हे ठाऊक आहे. तिथे मुद्गलांच्या जोड्या लहान-मोठ्या असतात आणि पोर वाढेल तशी जोडी बदलते. वाढते ओझे ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. केवळ आकडा वाढवीत जाण्याचा नाद आपल्याला कधी लागला कोण जाणे. वस्तादांना हे विचारले, तर ते हसून म्हणाले, “जागा कमी अन् पोरं जास्त. मोजायला लावलं की पोरं गप बसतात.”

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. टोमॅटोची जाळी वीस किलोची. वडील हंगामात दिवसाला दोन-तीनशे जाळ्या हलवतात. त्यांची पाठ आणि पंजा यांची बरोबरी मी करू शकत नाही. पण जाळी कालही वीस किलोची होती, आजही आहे आणि उद्याही राहील. गाडीवाला घाईत असतो, दोन जाळ्यांमध्ये तीन मिनिटे बसून राहण्याची सोय नसते, आणि काम झटक्याने करण्यापेक्षा दिवस निभावणे महत्त्वाचे असते. त्यामुळे शरीर बेताबेताने, सावकाश उचलायला शिकते आणि ते शहाणपणाचेच आहे. मला मात्र थोड्या वेळा, पण जास्त, आणि शक्य तितक्या झटक्याने उचलायला हवे. ओझे सारखेच दिसते. शरीर त्यातून शिकते ते वेगळे.

झटका कशासाठी, ते एका जुन्या अभ्यासावरून मला नीट समजले. सोव्हिएत संघातल्या फिलिमोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० मुष्टियोद्ध्यांचा सरळ ठोसा मोजला होता. तो अभ्यास १९८५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ठोशाचा जोर पायांच्या रेट्यातून किती, धडाच्या वळणातून किती आणि हात सरळ होण्यातून किती येतो, याची त्यांनी वाटणी केली. वरच्या दर्जाच्या खेळाडूंत पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के होता, तर नवख्यांत तो जेमतेम १६ टक्के. नवखे हाताने मारत होते आणि तयार खेळाडू जमिनीवरून मारत होते! आणि मी दोन किलोचे डंबेल घेऊन खांदे शिणवीत बसलो होतो.

याचा अर्थ पायांत ताकद भरली की ठोसा आपोआप कडक होतो, असा मात्र नाही. पायांतला जोर मुठीपर्यंत पोचविणे ही कला पॅडवरच शिकावी लागते. वजनाने फक्त पोचविण्याजोगे काहीतरी तयार होते.

प्रशिक्षकांच्या सल्ल्याने आणि जिमखान्याच्या खोलीत जे सापडले त्यावर मी नवा क्रम बसवला. टेबलटेनिसच्या मोडक्या टेबलाखाली एक दांडा गंजत पडला होता. भंगारवाल्याच्या काट्यावर तो १८ किलो भरला. दहा किलोच्या प्लेटांच्या दोन जोड्या, पाचाची एक आणि अडीचाची एक, दांडा टेकवायचे दोन स्टँड, पुलअपची आडवी नळी आणि एक लाकडी बाक. एवढ्यावर माझे पुरते भागले.

शनिवारी स्क्वॉट, म्हणजे दांडा मानेखाली खांद्यांवर घेऊन बैठक. पाच-पाचचे तीन सेट. मंगळवारी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून दांडा उचलून ताठ उभे राहणे. तेही पाचाचे तीन सेट. दोन्ही दिवशी पुलअप, आणि पाठीवर पुस्तकांची पिशवी बांधून सात-आठ जोर. (इतिहासाची पुस्तके यासाठी उत्तम!) ठोसे मारून मारून खांदे पुढे झुकतात, म्हणून ढकलण्याच्या व्यायामापेक्षा ओढण्याचा थोडा जास्त. संपले. सगळे मिळून पाऊण तास.

यातली सर्वांत कठीण गोष्ट कोणती सांगू? बसून राहणे. दोन सेटमध्ये मी तीन मिनिटे बाकावर बसतो. आमचे मित्र खिडकीतून विचारतात, “अरे, उचलायला आलास का बसायला?” पण ही तीन मिनिटे काढून टाकली, की पुढचा सेट दमछाक होऊन सावकाश होतो आणि पुन्हा बैठकांचीच गोष्ट सुरू होते. तसेच प्रत्येक सेट संपताना आणखी दोनदा उचलता आले असते अशा बेताने थांबायचे. शेवटची उचल पहिलीपेक्षा ठळकपणे मंद झाली, तर वजन जास्त झाले असे समजायचे. घाम फारसा येत नाही, आणि पहिले दोन आठवडे त्यामुळे मला चुकल्यासारखे वाटत होते.

दांडा जमिनीवरून उचलण्याची रीत मला कोणी शिकवली असेल? मी पुस्तकातली चित्रे पाहून गच्चीवर झाडूचा दांडा घेऊन सराव करीत होतो. वडील पाहत उभे होते. न राहवून म्हणाले, “ओझं अंगाला चिकटव. लांबून उचललंस तं कंबर जाईल. आधी बूड मागं घाल, मंग वाक.” पुस्तकात चार पानांत जे सांगितले होते ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितले. आपल्या जिमखान्याच्या प्लेटा लहान आहेत, त्यामुळे दांडा घोट्यापाशी पडतो आणि उचलताना पाठीला बाक येतो, असे मी त्यांना सांगितले. तेव्हा प्लेटांखाली दोन्ही बाजूंना दोन-दोन विटा घालण्याची युक्तीही त्यांचीच. त्या दिवसापासून ‘यार्डात ये’ हे वाक्य घरात पुन्हा निघाले नाही.

आता वहीतले आकडे. स्क्वॉट पहिल्या शनिवारी २८ किलोने सुरू केला. तीनही सेट स्वच्छ झाले तरच पुढच्या वेळी अडीचची जोडी, म्हणजे पाच किलो वाढवायचे, नाहीतर तेच वजन पुन्हा. दुसऱ्या आठवड्यात ३३, तिसऱ्यात ३८. चौथा आठवडा मुद्दाम हलका: दोनच सेट, तेही कमी वजनाने. पाचव्यात ४३, सहाव्यात ४८. सातव्यात ४८ वरच अडलो. तिसऱ्या सेटला गुडघे आत येऊ लागले. आठवा पुन्हा हलका आणि नवव्यात तेच ४८ सहज झाले! शरीर विश्रांतीत वाढते हे वाचले होते, तेव्हा प्रथम पाहिले. बाराव्या आठवड्यात ५८ किलोचे तीन सेट झाले. माझे स्वतःचे वजन या काळात ६१ वरून ६२ वर गेले, एवढेच. वजने उचलली की अंग जड होऊन हात मंदावतो ही भीती क्लबात सर्रास ऐकू येते. थोड्या उचली, भरपूर विश्रांती आणि घरचे रोजचेच जेवण, एवढ्यावर अंग सहसा फार भरत नाही.

पुलअपला पाच किलोची उडी फार मोठी होते. तिथे वजन न वाढवता संख्या वाढवली. तीनवरून सातवर आलो.

डेडलिफ्टची गोष्ट मात्र लाजिरवाणी आहे, म्हणूनच सांगतो. ३८ पासून सुरुवात करून पाचव्या आठवड्यात ५३ झाले होते. सहाव्या मंगळवारी ५८ ची पाळी. त्या दिवशी वर्गातली चार मुले खोलीत आली होती. कोणीतरी म्हणाले, “एवढंच?” झाले! मी खोलीतल्या सगळ्या प्लेटा दांड्यावर चढवल्या, ७३ किलो. दांडा उठला, पण माझे ढुंगण दांड्याच्या आधी वर गेले, पाठीची कमान झाली आणि कमरेत डाव्या बाजूला चमक भरली. दोन मंगळवार डेडलिफ्ट बंद. क्लबात ठोसा मारताना धड वळेना, तेही दिवस वाया गेले. नशीब की कळ पायात उतरली नाही, नाहीतर प्रकरण डॉक्टरकडे गेले असते. नवव्या आठवड्यात ४८ पासून पुन्हा सुरुवात केली आणि बाराव्यात ६३ वर पोचलो. टाळ्यांसाठी उचललेल्या त्या एका उचलीची किंमत वहीत स्वच्छ दिसते. ढुंगण आधी आणि दांडा मागून, ही खूण ज्याला दिसली त्याने तिथेच दांडा खाली ठेवावा.

दिवस कोणते निवडावेत, यालाही मी वजनाइतकेच महत्त्व देतो. माझी जुनी चूक गुरुवारची होती. जड व्यायामाचा शीण दुसऱ्या दिवशी पायांत असतोच, आणि दुसऱ्या दिवशी समोर कोणीतरी ठोसे मारणारा उभा असतो. आता गुरुवार कोरा असतो. शनिवारचे मोठे काम रविवारच्या विश्रांतीवर जाते. मंगळवारचे काम बुधवारी थोडे जाणवते. पण बुधवारी पॅडचा सराव असतो, तिथे कोणी नाकावर मारत नाही. ज्यांचे स्पारिंग दुसऱ्या वारी असेल त्यांनी त्याच्या आदल्या दिवशी काही करू नये, एवढे धरून बाकीचे जुळवावे.

पण आठवडा नेहमी कागदावरच्यासारखा जात नाही. हंगामात यार्डातून रात्री अकराला घरी आलो, की दुसऱ्या दिवशी अंगात काय शिल्लक आहे हे मनाला विचारून कळत नाही. मन नेहमी हट्टीपणाने ‘हो’ म्हणते. म्हणून मी भिंतीला विचारतो. खोलीच्या भिंतीशी बाजूने उभे राहून, हात ताणून खडूची एक खूण करायची. मग जागेवरून उंच उडी मारून दुसरी खूण. दोन्हींतले अंतर मोजायचे. ताजेतवाने असताना माझे अंतर ४४ सेंटिमीटर येते. तीन उड्यांत सर्वांत चांगली ४० च्याही खाली राहिली, तर त्या दिवशी प्रत्येक व्यायामाचा एकच सेट करून घरी जायचे. हा नियम माझ्यापुरता आहे. ज्याने त्याने आपले अंतर दोन-तीन आठवडे लिहून ठेवून ठरवावे. बारा आठवड्यांत चार वेळा भिंतीने मला परत पाठवले. त्यांतल्या तीन वेळा आदल्या रात्री यार्ड होते आणि एकदा अर्थशास्त्राची चाचणी!

राहिला दमाचा प्रश्न. लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची आणि मधे एकेक मिनिटाची विश्रांती. ठोसा हा क्षणाचा खेळ असला तरी तो क्षण पुन्हा पुन्हा यावा लागतो, आणि दोन झटक्यांच्या मधली भरपाई श्वासातल्या प्राणवायूवरच होते. या दमाचा बराचसा भाग क्लबात तयार होतो. म्हणून मी फक्त दोनच भर घालतो. शनिवारी वजने झाल्यावर तपोवनाच्या बाजूला पंचवीस मिनिटे सावकाश पळणे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे इतके सावकाश. आणि मंगळवारी शेवटी वीस इंच उंचीच्या बाकावर चढ-उतार, मिनिटाला तीस वेळा, तीन मिनिटे. मग एक मिनिट थांबून पुन्हा, अशा तीन फेऱ्या. उंची आणि वेग मी हार्वर्ड स्टेप टेस्टमधून उचलले. १९४३ सालची ही चाचणी शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल.

इथेही घाम मोजायचा नाही, नाडी मोजायची. तिसरी फेरी संपताच पंधरा सेकंद मोजली, तेव्हा पहिल्या आठवड्यात ठोके ४६ आले, आणि एका मिनिटानंतर ३८. बाराव्या आठवड्यात तेच काम करून ४५, आणि मिनिटानंतर ३१. म्हणजे कामाच्या वेळी हृदय जवळपास तितकेच धावले. फरक पडला तो सावरण्यात. आणि फेऱ्यांच्या खेळात ते एक मिनिटच तर आपल्या मालकीचे असते.

या सगळ्याने मी जिंकू लागलो का? नाही. तो हलका जोडीदार अजूनही मला बऱ्याचदा मारून जातो, कारण अंतर ओळखण्यात तो माझ्यापेक्षा हुशार आहे आणि त्याला कोणताही दांडा उपाय नाही. बदल झाला तो एवढाच, की तिसऱ्या फेरीत माझा उजवा हात गालापाशी असतो. पॅड धरताना प्रशिक्षक एकदा मनगट झटकून म्हणाले, “आता जरा वजन येतंय.” यात तीन महिन्यांच्या क्लबाच्या सरावाचा वाटा किती आणि दोन दिवसांचा किती, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. पण नाकाचा रुमाल पुन्हा लागला नाही.

आता प्राध्यापकांपुढे एक तक्रार, नम्रपणे. जिमखान्याची खोली वर्षातला बहुतेक काळ कुलपात असते आणि स्नेहसंमेलन जवळ आले की तिच्यात पडदे व खुर्च्या भरतात. शिपाईमामांच्या कृपेने मला किल्ली मिळते, पण ती कृपा आहे, सोय नाही. ते रजेवर गेले की माझा मंगळवार गेला. खासगी जिमची महिन्याची फी आमच्या घरात धान्याच्या हिशेबात बसते, आणि असे घर माझे एकट्याचेच नाही. आपल्या कॉलेजात क्लबात जाणारी, कबड्डी खेळणारी, पोलीस भरतीसाठी पळणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यातली निम्मी तरी मी करीत होतो तेच करतात: रोज पळणे, रोज मोजणे, रोज दमणे. त्यांना रोज जागा नको आहे. मंगळवारी आणि शनिवारी, सकाळी साडेसात ते नऊ, एक माणूस देखरेखीला, आणि सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडी, म्हणजे मुलींना आणि नवख्यांना पाचाऐवजी अडीच किलोने वाढता येईल. विटा आम्ही आणू. भिंतीवर खडूच्या खुणा आधीच आहेत. रंगसफेदी करताना तेवढा कोपरा सोडावा, ही विनंती.